मौन आणि संमती : निवृत्तिवेतन योजनांतील पूर्वनिश्चित पर्याय व स्वायत्ततेचा प्रश्न

‘मौनं संमतिलक्षणम्’ ही उक्ती मराठी व्यवहारात पूर्णपणे रुळलेली आहे. लग्नाच्या बोलणीपासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत ‘कोणी हरकत घेतली नाही’ याचा अर्थ ‘सर्वांना मान्य आहे’ असा लावला जातो. गेल्या पंचवीस वर्षांत अर्थशास्त्राच्या एका शाखेने या उक्तीला धोरणाचे रूप दिले. निवृत्तीसाठी बचत करणाऱ्या योजनेत सभासदाने काहीच कळविले नाही, तर त्याच्या वतीने एक पर्याय आधीच ठरवून ठेवायचा, आणि नको असल्यास बाहेर पडण्याची मुभा द्यायची, ही ती रीत होय. अशा पर्यायाला इंग्रजीत ‘डीफॉल्ट’ म्हणतात. हा पर्याय माणसाच्या स्वायत्ततेचा आदर करतो की तिच्यावर हळूच मात करतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याची तपासणी जयपूर शहराच्या संदर्भात केली आहे. कारण सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाबाबत मौनाचे अनेक अर्थ या एका शहरात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

प्रथम शब्दाविषयी. ‘डीफॉल्ट’ या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ चूक, उणीव, कर्तव्यात कमी पडणे असा आहे. कायद्याच्या मराठीत त्यासाठी ‘कसूर’ हा शब्द वापरला जातो, आणि हप्ता चुकविणारा तो ‘कसूरदार’. न्यायालयात हजर न राहिलेल्या पक्षाविरुद्ध होणारा निर्णयही याच शब्दकुळातला. संगणकाच्या वापरातून मात्र त्याला ‘आधीच नेमून दिलेले’ असा निरुपद्रवी अर्थ आला. मराठीत त्यासाठी ‘पूर्वनिश्चित पर्याय’ अशी संज्ञा वापरली, तर अनुपस्थितीची आणि चुकीची जुनी छटा गळून पडते. पण निवृत्तिवेतनाच्या नियमात ती छटा जिवंत असते. ठरलेल्या मुदतीत जो बोलला नाही, त्याच्याविषयी नियम काही गृहीत धरतो, आणि त्या गृहीतकाचे परिणाम त्यालाच भोगावे लागतात. त्याचप्रमाणे ‘नज’ या शब्दाला मराठीत सहज सुचणारा ‘कोपरखळी’ हा प्रतिशब्दही जसाच्या तसा चालत नाही. कोपरखळीत टोमणा असतो, आणि ती ज्याला बसते त्याला कळते. नजची ख्याती मात्र अशी की ज्याला ती दिली जाते, त्याच्या ती अनेकदा ध्यानातही येत नाही. स्वायत्ततेचा वाद येथूनच सुरू होतो.

या विचाराला आधार देणारा सर्वांत परिचित अभ्यास ब्रिजिट मॅड्रियन व डेनिस शी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीत पूर्वी कर्मचाऱ्याला बचत योजनेत सामील होण्यासाठी स्वतः अर्ज करावा लागे. नंतर नियम उलटा झाला : नव्या कर्मचाऱ्याला आपोआप सामील करून घेतले जाई आणि नको असल्यास त्याने तसे कळवावयाचे. योजनेच्या लाभांत काहीही बदल झाला नव्हता, तरीही आपोआप सामील झालेल्यांतील सहभाग ८६ टक्क्यांवर पोहोचला. येथपर्यंतची कथा सर्वत्र सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. आपोआप सामील झालेल्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी कंपनीने नेमून दिलेला ३ टक्के वर्गणीचा दर आणि अल्प उत्पन्नाचा सुरक्षित निधी बदललाच नाही. त्यांतले काही जण असे होते, की जुन्या नियमाखाली त्यांनी स्वतःहून अधिक दराने बचत केली असती. म्हणजे ज्या यंत्रणेने उदासीन माणसाला वर उचलले, तिनेच उत्साही माणसाला खाली बसविले. दोघांनीही काही ‘निवडले’ असे म्हणता येत नाही.

रिचर्ड थेलर व कॅस सन्स्टीन यांनी या निरीक्षणांवरून जो सिद्धान्त मांडला, त्याला ते स्वातंत्र्यवादी पालकत्व म्हणतात. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. अर्जावर कोणता तरी पर्याय आधी असणारच. ‘काहीच न ठरविणे’ हेही एक ठरविणेच असते. मग जो पर्याय माणसाला त्याच्या स्वतःच्या कसोटीवर हितकर वाटेल, तो आधी ठेवावा आणि बाहेरचा दरवाजा उघडा ठेवावा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नज’ या त्यांच्या ग्रंथातील व्याख्येला दोन अटी आहेत : कोणताही पर्याय बंद करावयाचा नाही, आणि लोकांच्या आर्थिक लाभ-हानीत लक्षणीय फरक करावयाचा नाही. स्वायत्ततेचे रक्षण या दोन अटींवर टेकलेले आहे. म्हणून एखाद्या योजनेत त्या अटी खरोखर पाळल्या जातात की नाही, हे पाहिल्याशिवाय तिला ‘नज’ म्हणून निर्दोष ठरविता येत नाही.

आता जयपूरकडे वळता येईल. समजा, या शहरात एकाच वर्षी, २०१० मध्ये, दोन व्यक्ती सरकारी सेवेत आल्या. एक राजस्थान शासनाच्या शाळेत शिक्षिका. दुसरा उत्तर-पश्चिम रेल्वेच्या जयपूर येथील मुख्यालयात लिपिक, म्हणजे केंद्र सरकारचा नोकर. दोघांच्याही बाबतीत निवृत्तिवेतनाचा जुना नियम संपलेला होता. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी, सशस्त्र दले वगळून, नवी अंशदायी पद्धत लागू केली होती, आणि राजस्थाननेही त्याच तारखेपासून नेमल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी तिचा स्वीकार केला होता. जुन्या पद्धतीत पूर्ण सेवेनंतर अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम दरमहा मिळे आणि कर्मचाऱ्याच्या पगारातून त्यासाठी काही कापले जात नसे. नव्या पद्धतीत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम पगारातून जाते, शासन आपला वाटा घालते, रक्कम बाजारात गुंतविली जाते, आणि निवृत्तीच्या वेळी जे साचेल त्यावर पुढचे उत्पन्न अवलंबून राहते.

येथे पहिला भेद स्पष्ट करावा लागतो. २००४ नंतरच्या नोकरासाठी ही पद्धत पूर्वनिश्चित पर्याय नव्हती; ती सक्ती होती. ‘नको’ म्हणण्याची जागाच अर्जावर नव्हती. सक्ती वाईटच असते असे नाही. कर, विमा, शिक्षण यांत ती असते आणि तिचे समर्थन वेगळ्या कारणांनी करता येते. परंतु सक्तीचे समर्थन नजच्या भाषेत करता येत नाही. ‘लोक आनंदाने सामील झाले’ असा निष्कर्ष सभासदसंख्येवरून काढणे येथे निरर्थक ठरते.

खरा पूर्वनिश्चित पर्याय या सक्तीच्या पोटात होता. पैसा कोठे गुंतवावयाचा, हा प्रश्न शिक्षिकेला किंवा लिपिकाला विचारला जात नसे. सार्वजनिक क्षेत्रातील तीन निधी-व्यवस्थापकांकडे रक्कम ठरावीक प्रमाणात वाटली जाई आणि समभागांचा वाटा कमाल १५ टक्के असे. १ एप्रिल २०१९ पासून केंद्रीय नोकरांना यात निवड मिळाली. निधी-व्यवस्थापक बदलता येऊ लागला. संपूर्ण रक्कम सरकारी रोख्यांत ठेवता येऊ लागली, किंवा वयानुसार समभागांचा वाटा कमी करीत नेणाऱ्या दोन योजनांपैकी एक घेता येऊ लागली. त्याच वेळी शासनाचा वाटा १० वरून १४ टक्के झाला. ज्याने काही कळविले नाही, त्याच्यासाठी जुनीच व्यवस्था चालू राहिली.

या मौनाची किंमत आकड्यांत पाहता येते. लिपिकाचे वय ३५ आणि मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा ६०,००० रुपये धरले, तर त्याचे ६,००० आणि शासनाचे ८,४०० मिळून १४,४०० रुपये दरमहा जमा होतात. पूर्वनिश्चित व्यवस्थेत यांपैकी जास्तीत जास्त २,१६० रुपये समभागांत जात. वयानुसार चालणाऱ्या मध्यम योजनेत ३५ व्या वर्षी निम्मी, म्हणजे ७,२०० रुपयांची रक्कम समभागांत जाई, आणि पुढे दरवर्षी हा वाटा २ टक्क्यांनी उतरत ५५ व्या वर्षी १० टक्क्यांवर येई. दोहोंतले कोणते श्रेयस्कर, हे आधी सांगता येत नाही. ते बाजारावर आणि त्या माणसाच्या धास्तीवर अवलंबून आहे. पण एक गोष्ट निश्चित आहे. १५ टक्क्यांची मर्यादा पंचविशीतल्या आणि पंचावन्नाव्या वर्षातल्या नोकराला सारखीच लागू होती. ती कोणाही एका माणसाच्या हिताचा विचार करून ठरलेली नव्हती. शासनावर दोष येऊ नये, अशी संस्थात्मक सावधगिरी तिच्यात दिसते. ‘माणसाच्या स्वतःच्या कसोटीवर हितकर’ हा सन्स्टीन यांचा निकष येथे निसटतो, कारण ती कसोटी कोणी विचारलेलीच नाही.

यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. २३ फेब्रुवारी २०२२ रोजी राजस्थानचे तत्कालीन मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांनी जयपूरच्या विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना १ जानेवारी २००४ व नंतर नेमलेल्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी पद्धत परत आणण्याची घोषणा केली. एप्रिल २०२२ पासून शिक्षिकेच्या पगारातील १० टक्के कपात थांबली. रेल्वेच्या लिपिकाची कपात चालू राहिली, कारण त्याचा धनी दिल्लीत होता. आजवर साचलेला निधी परत द्यावा अशी राज्याची मागणी केंद्राने फेटाळली. निवृत्तिवेतन निधी नियामक प्राधिकरणाच्या २०१३ च्या कायद्यात राज्य शासनाला असा परतावा देण्याची तरतूद नाही, असे कारण देण्यात आले.

शिक्षिकेची स्वायत्तता यातून वाढली काय? एका अर्थाने होय. संघटनांनी अनेक वर्षे केलेल्या मागणीला शासनाने दिलेले ते उत्तर होते. लोकांनी एकत्र येऊन नियम बदलून घेणे हीही स्वायत्ततेची एक रीत आहे. मात्र तिच्या पगाराचे काय करावे, हा निर्णय दुसऱ्यांदाही तिच्या सहीविना झाला. एकदा राज्याने तिला बाजाराच्या स्वाधीन केले, एकदा परत घेतले. शिवाय जुन्या पद्धतीचा खर्च पुढच्या करदात्यांवर पडतो, आणि त्यांपैकी अनेक अद्याप मतदारही नाहीत. त्यांचे मौन तर कोणत्याही नियमात मोजले जात नाही.

लिपिकासमोर खरा प्रश्न २०२५ मध्ये आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्य केलेली ‘एकीकृत निवृत्तिवेतन योजना’ १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. तीत २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे, कर्मचाऱ्याची १० टक्के कपात मात्र कायम आहे. ही योजना हवी असल्यास लेखी विकल्प द्यावयाचा होता. मुदत प्रथम ३० जून २०२५ पर्यंत होती. ती दोनदा वाढून ३० नोव्हेंबर २०२५ झाली. जो गप्प राहिला, तो जुन्या राष्ट्रीय पद्धतीतच राहू इच्छितो, असे मानले गेले.

या रचनेतील असमतोल लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याने एकीकृत योजना स्वीकारली, त्याला पुढे एकदा राष्ट्रीय पद्धतीत परत जाण्याची सोय ठेवण्यात आली. निवृत्तीच्या एक वर्ष आधीपर्यंत ती वापरता येते. जो गप्प राहिला, त्याला मात्र मुदत संपल्यावर उलट वाट नाही. म्हणजे बोललेला शब्द फिरविता येतो. न बोललेला फिरविता येत नाही. स्वायत्ततेच्या दृष्टीने हे उलटे आहे. विचारपूर्वक केलेल्या निवडीपेक्षा विसरलेल्या, समजून न घेतलेल्या किंवा लांबणीवर टाकलेल्या निवडीला दुरुस्तीची गरज अधिक असते.

दुसरी गोष्ट गुंतवणुकीची. एकीकृत योजनेतही कर्मचारी आपल्या वैयक्तिक निधीसाठी वेगळी गुंतवणूक निवडू शकतो. पण निवृत्तीच्या वेळी त्या निधीची तुलना एका ‘प्रमाण निधी’शी केली जाते. सर्व रक्कम पूर्वनिश्चित पद्धतीने गुंतविली असती तर किती साचले असते, तो हा प्रमाण निधी. समजा, लिपिकाचे सरासरी मूळ वेतन ८०,००० रुपये, म्हणून हमीची रक्कम ४०,००० रुपये. प्रमाण निधी १ कोटी भरला आणि त्याच्या स्वतःच्या निवडीचा निधी ९० लाखच राहिला, तर हमी त्याच प्रमाणात उतरून ३६,००० रुपये होते. ती टिकवायची तर १० लाखांची तूट त्याने स्वतः भरून काढावयाची. निधी प्रमाणापेक्षा अधिक झाला, तर वरची रक्कम त्याला मिळते. जो गप्प राहून पूर्वनिश्चित मार्गाने गेला, त्याच्या बाबतीत ही तफावत उद्भवतच नाही. बाजार कितीही पडला तरी त्याची हमी अबाधित राहते.

यात अन्याय आहे असे म्हणता येणार नाही. ज्याने स्वतः जोखीम निवडली त्याने तिचे फळ भोगावे, हे न्याय्यच आहे. पण याला नज म्हणता येणार नाही. येथे पूर्वनिश्चित पर्यायासोबत विम्याचे कवच दिले आहे आणि त्यातून बाहेर पडणाऱ्याकडून ते काढून घेतले आहे. थेलर व सन्स्टीन यांच्या व्याख्येतील दुसरी अट, आर्थिक लाभ-हानीत फरक न करण्याची, येथे मोडते. दरवाजा उघडा आहे, पण उंबरठ्यावर दर लावलेला आहे. तो दर लिपिकाला समजेल अशा भाषेत आधी सांगितला असेल, तर त्याची स्वायत्तता अबाधित राहते. तो सूत्राच्या आड राहिला, तर ‘निवडीचे स्वातंत्र्य’ हा शब्द केवळ कागदावरचा ठरतो.

तिसरी गोष्ट मौनाच्या अर्थाची, आणि ती सर्वांत मूलगामी आहे. एकीकृत योजनेसाठी विकल्प देणाऱ्यांची संख्या पात्र नोकरांच्या तुलनेत थोडी राहिली. नियमाच्या वाचनाप्रमाणे उरलेल्यांनी राष्ट्रीय पद्धतीला संमती दिली. पण जयपूरचा लिपिक रोज ज्या शिक्षिकेला भेटतो, तिची कपात २०२२ मध्ये थांबलेली त्याने पाहिली आहे. त्याच्या क्षेत्रातील अनेक संघटना जुनीच पद्धत मागत आल्या आहेत. त्याचे मौन आळसातून आलेले असू शकते. दोन योजनांची तुलना त्याला जमली नसेल. बाजारावर त्याचा खरोखर विश्वास असू शकतो. किंवा ‘या दोन्ही नकोत, तिसरी हवी’ असा नकारही त्या मौनात असू शकतो. अर्जावर चौथ्या अर्थाला जागा नाही. चार अर्थांचे मौन नियम एकाच अर्थाने वाचतो.

साहित्याच्या अभ्यासकाला यात काही नवीन नाही. मौनाचा अर्थ प्रसंगावरून ठरतो. श्रोत्याला सोयीचा तो अर्थ गृहीत धरणे ही वाचनातील लबाडी होय. वर्तनात्मक अर्थशास्त्रात या लबाडीवर एक तपासणी उपलब्ध आहे. कॅरल, चॉय, लेबसन, मॅड्रियन व मेट्रिक यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कंपनीची अशी रीत तपासली, की नव्या कर्मचाऱ्याने तीस दिवसांत ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी एका चौकटीत खूण करणे आवश्यक होते. गप्प बसण्याची सोयच नव्हती, पण कोणत्याही उत्तराला झुकते मापही नव्हते. स्वतः अर्ज करण्याच्या पद्धतीपेक्षा सहभाग २८ टक्के-अंकांनी अधिक निघाला. जुन्या पद्धतीतले पुष्कळसे मौन नकाराचे नव्हते, हे यावरून दिसले. हीच कसोटी उलट्या दिशेनेही लावता येते. थोड्या कर्मचाऱ्यांना सक्तीने उत्तर विचारावे. त्यांची उत्तरे पूर्वनिश्चित पर्यायापासून फार दूर गेली, तर तो पर्याय त्यांच्या वतीने बोलत नव्हता, असे समजावे.

या कसोटीलाही मर्यादा आहे. ज्याला चक्रवाढीचा हिशेब येत नाही त्याच्याकडून सक्तीने खूण करून घेतली, तर ती खूणही मौनाइतकीच पोकळ असू शकते. थकलेल्या, घाईत असलेल्या किंवा वरिष्ठाच्या मर्जीकडे पाहणाऱ्या माणसासाठी एखादा समंजस पूर्वनिश्चित पर्याय हाच मोठा आधार असतो. म्हणून पूर्वनिश्चित पर्याय स्वायत्ततेशी मुळातच विसंगत आहेत, हा टोकाचा निष्कर्ष जयपूरच्या उदाहरणातून निघत नाही.

निघतो तो अधिक मर्यादित निष्कर्ष. मौनाला संमती मानावयाची असेल, तर प्रश्न विचारला गेला आहे हे गप्प राहणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. बाहेर पडण्याची किंमत त्याला आधी दिसली पाहिजे. आणि मौन हे शब्दाइतके तरी फिरविता आले पाहिजे. २००४ च्या व्यवस्थेत प्रश्नच नव्हता. २०१९ मध्ये प्रश्न आला, पण मौनावर लादलेले उत्तर कोणाच्याही वयाशी जुळणारे नव्हते. २०२५ मध्ये प्रश्न स्पष्ट होता, मुदतही वाढली, पण मौन मात्र कायमचे ठरले. न्यायालयात गैरहजर पक्षाविरुद्ध निर्णय झाला, तरी सबळ कारण दाखवून तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. तीस वर्षे पगारातून पैसे देणाऱ्या नोकराच्या मौनाला निदान तेवढी सवलत मिळाली, तर ‘डीफॉल्ट’ या शब्दातील कसुराची जुनी छटा पुसली जाईल.